मापाचे पान

हिंजवडीचे वर्णन बहुतेक वेळा काचेच्या इमारती, वाकडच्या पुलापासून सुरू होणारी वाहनांची रांग आणि मेट्रोचे खांब यांतच संपते. मुळशी तालुक्यातील हे गाव त्या वर्णनात मावत नाही. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड, म्हणजे गळकऱ्याला वाहून नेणारी लाकडी आडव्या शिडाची गाडी, हिंजवडीहून वाकडकडे निघते, तेव्हा गावठाण, म्हणजे जुनी वस्ती, अजून शाबूत असल्याचे दिसते. या गावठाणातील एका अरुंद गल्लीत एका वृद्ध शिंप्याचे दुकान होते. रस्तारुंदीत त्याचा ओटा आणि पुढची पत्र्याची पडवी गेली, मागची खोली तेवढी उरली. पडवीची जागा कागदावर किती भरली, याची नोंद कुठेतरी झाली असेल. परंतु त्या पडवीत उभे राहून ज्यांनी मापे दिली त्यांची नोंद फक्त शिंप्याच्या वह्यांत होती. तशाच एका वहीतील एक पान लग्नाच्या ऐन तोंडावर नाहीसे झाले, ती हकिगत येथे मांडायची आहे.

वह्या लांबट, कापडी पुठ्ठ्याच्या होत्या. प्रत्येक पानावर वर नाव, खाली आकड्यांची एक रांग, आणि रांगेचा क्रम कधीही न बदलणारा: उंची, तीरा, छाती, कंबर, मुंढा, बाही, दंड, पुढचा गळा, मागचा गळा. तीरा म्हणजे एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, आणि मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते तो घेर. अपूर्णांक जुन्या मराठी रीतीने, आकड्यापुढे दंड देऊन लिहिलेले असत. एक दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा, तीन दंड म्हणजे पाऊण. साडेचौदा इंच उंची '१४॥' अशी दिसे. या रीतीत लिहिणे झपाट्याने होते, परंतु एक दंड पुसला गेला तर अर्ध्याचा पाव होतो आणि वाचणाऱ्याला चूक झाल्याचे कळतही नाही.

या वह्यांचे खरे कर्तेपण दोघांचे होते. स्त्रियांची मापे शिंपी स्वतः घेत नसे. आतल्या खोलीत त्याची पत्नी टेप लावी आणि पडद्याआडून आकडे सांगे. तो बाहेर, पाठ करून, मांडीवर वही घेऊन लिहून घेई. ती आकडा सांगताना थांबायची नाही, परंतु अंगात काही वेगळे दिसले की आवाज थोडा खाली आणून एक वाक्य जोडायची: खांदा उतरता आहे, पाठीला जरासा बाक आहे, बाळंतपण होऊन दोनच महिने झाले आहेत, कमरेला सैल धरा. ती वाक्ये तो रांगेच्या शेवटी बारीक अक्षरात टिपून ठेवी. पाहुण्या स्त्रीला संकोच वाटू नये म्हणून तो आवाज खाली येई, आणि ऐकणाऱ्याने तो चुकवू नये म्हणून दोघांनी क्रम पक्का ठरवलेला होता. दुपारी ऊन उतरल्यावर, शिलाई यंत्राचा पायटा थांबवून, तो एका हाती वही आणि एका हाती पेन धरून पडद्याकडे कान लावून बसलेला असे. त्या तासाला दुकानात दुसरे कोणतेही काम होत नसे. आता दुकानाच्या भिंतीवर तिचा फोटो आहे. तिच्या मागे शिंप्याचा हात पूर्वीसारखाच चालत राहिला, पण पडद्याआडचा आवाज थांबला. आज मापे त्याची सून घेते, आणि नीटच घेते. फक्त ते शेवटचे वाक्य ती क्वचितच जोडते, कारण तिला कोणी ते शिकवले नाही.

ज्या लग्नाची ही हकिगत आहे, त्यातील नवरी बंगळुरूला नोकरी करणारी होती. ती दोन दिवसांच्या रजेवर आली असताना तिचे माप घेतले गेले, आणि ती पुन्हा लग्नाच्या आदल्या दिवशीच येणार होती. पैठणीवरचा ब्लाउज, आई आणि दोन आत्या यांचे आणखी तीन, असे काम होते. त्या दिवशी सुनेने अनेक वर्षांनी पहिल्यांदा सासूसारखे वाक्य जोडले: उजवा खांदा पाव इंच खाली आहे. शिंप्याने ते लिहून घेतले. पेन मात्र जेलचे होते. नजर कमी झाल्यावर त्याने बॉलपेन सोडून जेलपेन धरले होते, कारण त्याच्या जाड, काळ्याभोर रेषा दिसायला सोप्या जातात. बॉलपेनची शाई तेलकट असते आणि पाण्याला सहसा दाद देत नाही. जेलची शाई पाण्यात मिसळवलेली असते, आणि तिच्या अनेक प्रकारांत पान भिजले की अक्षर पसरते. वळवाच्या पावसात पत्र्याच्या सांध्यातून पाणी ठिबकले आणि उघडी वही रात्रभर त्याखाली राहिली. सकाळी पानावर नाव वाचता येत होते, खाली काळपट डाग होता.

सुरुवातीला शिंपी घाबरला नाही, कारण त्या पानाचा फोटो होता. नजरेच्या अडचणीमुळे नातू रोज संध्याकाळी ताज्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर आजोबांना पाठवी, म्हणजे दोन बोटांनी चित्र मोठे करून आकडे वाचता येत. परंतु त्या संवादात संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू होती. ही सोय दोघांपैकी कोणीही चालू करू शकतो, आणि ती चालू केल्यानंतर पाठवलेला प्रत्येक संदेश ठरवलेल्या मुदतीनंतर, म्हणजे २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी, दोन्ही बाजूंनी निघून जातो. येथे मुदत ७ दिवसांची होती. ती चालू झाल्याची ओळ संवादात लिहून येते, परंतु ती बारीक अक्षरातील ओळ आजोबांच्या वाचण्यात आली नाही आणि नातवाच्या लक्षात राहिली नाही. आलेली चित्रे आपोआप फोनमध्ये साठवण्याची सोय जागा वाचवण्यासाठी बंद केलेली होती. नातवाने आपल्या फोनमधील मूळ फोटो जागा मोकळी करताना काढून टाकला होता आणि पाठोपाठ कचरापेटीही रिकामी केली होती. ती रिकामी केली नसती, तर फोटो काही दिवस तिथून परत मिळाला असता. पान भिजले ते आठव्या दिवशी. दोन प्रती आहेत असे समजून सगळे निर्धास्त होते, वस्तुतः दोन्ही प्रतींचे आयुष्य एकाच आठवड्यात संपले.

पुढचे दोन दिवस शिंपी कोणाशी बोलला नाही, आणि तो मौनाचा काळच या हकिगतीतील सर्वांत जड भाग आहे. पन्नास वर्षे मापाबद्दल एकही विचारणा करावी न लागलेल्या माणसाला, आपल्या वहीत माप नाही, हे सांगणे कठीण होते. तिसऱ्या दिवशी तो स्वतः चालत नवरीच्या घरी गेला आणि दारातच म्हणाला, "ताई, पोरीचं माप माझ्याकडनं गेलं." नवरीच्या आईने त्याला बसवले, पाणी दिले आणि म्हटले, "मास्तर, मग तिचा जुना ब्लाउज देते की." फोनवरून मुलीलाही टेप लावायला सांगण्यात आले, तिने मैत्रिणीकडून कुर्त्यावरूनच माप घेतले, आणि छाती ३६ भरली. सैल कपड्यावरून घेतलेले माप असेच वाढते, म्हणून शिंप्याने तो आकडा बाजूला ठेवला.

जुन्या ब्लाउजवरून माप काढण्याची रीत सरळ आहे. हुक लावून तो सपाट अंथरावा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावे आणि दुप्पट करावे. येथे साडेसतरा भरले, म्हणजे घेर ३५. त्यातून श्वासासाठी ठेवलेला एक इंच वजा केला की अंगाचे माप ३४ मिळते. परंतु जुना कपडा खोटेही बोलतो. सुती कापड धुण्यात आटते, म्हणून उंची १४ दिसली तरी मूळची त्याहून थोडी जास्त असण्याची शक्यता धरावी लागते. त्याहून महत्त्वाचे, बाजूची शिलाई उसवून कधी सैल केली आहे का, हे पाहावे लागते. शिंप्याने आतला दाब, म्हणजे शिलाईच्या बाहेर राखलेले जादा कापड, उजेडात धरले. सध्याच्या शिलाईच्या आत अर्ध्या इंचावर सुईच्या भोकांची जुनी रेघ होती, आणि पुढच्या बाजूला त्या दोन रेघांमधली पट्टी उरलेल्या कापडापेक्षा गडद होती, कारण ती बराच काळ दाबात लपलेली असल्याने उन्हात उडाली नव्हती. म्हणजे ब्लाउज एकदा वाढवलेला होता, आणि आत्ताचा घेर अलीकडचा होता. ३४ हा आकडा त्यामुळे पक्का ठरला.

खांद्याचे मात्र काही कळले नाही. तो ब्लाउज दुसरीकडे शिवलेला होता, दोन्ही खांदे सारखेच कापलेले होते. पैठणीच्या कापडाला चूक चालत नाही. उसवले तर सुईची भोके रेशमात तशीच राहतात, आणि काठाचा तुकडा दुसरा मिळत नाही. शिवाय ब्लाउज घडी घालून, चौथाईत कापला जातो; कापताना पाव इंच चुकला, तर पूर्ण घेरात तो एक इंच होतो. म्हणून शिंप्याने आधी मांजरपाटाचा, म्हणजे जाड्याभरड्या स्वस्त सुती कापडाचा, एक ब्लाउज कच्च्या शिलाईने उभा केला. कच्ची शिलाई म्हणजे हाताने घातलेले लांब, सहज ओढून काढता येतील असे टाके. नवरी आदल्या दिवशी सकाळी आली तेव्हा सुनेने तो तिच्या अंगावर घातला. मानेपासून उजव्या काखेकडे दोन तिरक्या सुरकुत्या पडल्या, डावीकडे एकही नव्हती. पडद्याआडून सून आवाज खाली आणून म्हणाली, "उजवा खांदा पाव खाली." बाहेर शिंप्याचा हात वहीकडे गेला, आणि तो थोडा वेळ तसाच राहिला.

दुपारपासून रात्रीपर्यंत त्याने पैठणीचा ब्लाउज कापला आणि शिवला. उजवा खांदा पाव इंच उतरवला, आणि तेवढाच मुंढाही खाली घेतला. नुसता खांदा उतरवला असता तर बाही काखेत ताणली असती. सकाळी ब्लाउज अंगावर बसला.

या सगळ्यातून फोटो वाईट असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. नातवाच्या फोटोंमुळेच तो वृद्ध माणूस आणखी काही वर्षे काम करू शकला. निष्कर्ष एवढाच की नोंदीची दुसरी प्रत जर पहिलीसारखीच न पाहता ठेवली, तर ती प्रत उरत नाही. आकडे कपड्यावरून पुन्हा मिळतात. अंग पाहून कोणीतरी सांगितलेले वाक्य कपड्यावरून मिळत नाही, ते पुन्हा अंगच पाहून मिळवावे लागते. शिंप्याच्या घरी आता संदेशांची मुदत बंद आहे, आणि जेलपेन नातवाने शाळेसाठी नेले आहे. नव्या पानावर नवरीचे नाव, नऊ आकडे आणि उजव्या खांद्याची ओळ आहे, आणि ते सगळे शिसपेन्सिलीने लिहिलेले आहे, कारण पेन्सिलीतले ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही.