सोळाही बाइट बदलले, तरी?

एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर एईएस बसवायचं काम आमच्याकडे आलं होतं. चिपमध्ये त्यासाठी वेगळं हार्डवेअर नव्हतं, म्हणून सगळं सी भाषेत लिहावं लागणार होतं. असं काम तपासायची माझी पद्धत ठरलेली आहे. अमेरिकेच्या एनआयएसटीने 2001 साली एईएसचं जे मानक काढलं, त्याच्या परिशिष्टात एक नमुना पायरीपायरीने सोडवून दिलेला आहे. तोच मजकूर आणि तीच किल्ली आपल्या कोडला द्यायची, दर पायरीनंतरचे सोळा बाइट छापायचे आणि ओळीला ओळ लावून पाहायची. आमचं सगळं जुळलं.

माझ्याबरोबर काम करणारा मुलगा तेवढ्यावर थांबला नाही. त्याने मजकुरातला पहिला बाइट `32` होता तो `33` केला, म्हणजे 128 पैकी फक्त एक बिट बदलला, आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी छापून माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"मॅडम, दोन राउंडमध्येच सोळाही बाइट बदललेत. मग उरलेले आठ राउंड कशाला?"

प्रश्न अस्सल होता. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात प्रत्येक राउंडची किंमत मोजावी लागते. मी त्याला खुर्ची ओढायला सांगितलं आणि आम्ही पहिला राउंड हाताने सोडवायला घेतला.

सुरुवातीला मजकूर आणि किल्ली यांचा एक्सऑर होतो. किल्लीचा पहिला बाइट `2b`, त्यामुळे मूळ मजकुरात `19` मिळतो आणि बदललेल्यात `18`. फरक अजूनही एकाच बिटाचा. मग `SubBytes` प्रत्येक बाइटच्या जागी 256 खणांच्या ठरलेल्या तक्त्यातला, म्हणजे एस-बॉक्समधला, दुसरा बाइट ठेवतं. `19` चा होतो `d4` आणि `18` चा `ad`. या दोघांतला फरक `79`, म्हणजे पाच बिट. `18` आणि `19` इतके जवळचे, पण `d4` आणि `ad` बघून ते शेजारी होते असं कुणी म्हणणार नाही.

त्यानंतर `ShiftRows`. सोळा बाइट चार बाय चारच्या चौकटीत उभे भरलेले असतात. दुसरी ओळ एक घर, तिसरी दोन आणि चौथी तीन घरं डावीकडे सरकते. आपला बाइट पहिल्या ओळीत असल्याने तो जागेवरच राहतो. मग `MixColumns` एका उभ्या रांगेतले चार बाइट एकमेकांत मिसळतं, आणि त्या एका `79` चे चार फरक होतात:

```
f2 79 79 8b
```

शेवटी राउंडची किल्ली एक्सऑर होते. ती दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे फरकाला हात लागत नाही. एका राउंडनंतर चार बाइट बदललेले, बिट मोजले तर एकोणीस. दुसऱ्या राउंडमध्ये `ShiftRows` या चार बाइटना चार वेगवेगळ्या रांगांत पाठवतं, `MixColumns` प्रत्येक रांगेत त्यांना पसरवतं, आणि सोळाही घरं बदलतात. मुलाचं निरीक्षण बरोबरच होतं.

क्लॉड शॅननने 1949 च्या लेखात चांगल्या सायफरकडून दोन गोष्टी मागितल्या होत्या. मजकुरातली ठेवण सगळीकडे विखुरली गेली पाहिजे, हे डिफ्यूजन. किल्ली आणि निघणारा मजकूर यांचं नातं गुंतागुंतीचं झालं पाहिजे, हे कन्फ्यूजन. आमच्या कागदावर डिफ्यूजन डोळ्यांना दिसत होतं. कन्फ्यूजन बदललेले बाइट मोजून दिसत नाही. ते बघायचं तर ते काढून टाकावं लागतं.

म्हणून मी `SubBytes` ची ओळ कॉमेंट केली आणि पूर्ण दहा राउंड चालवले. आधीच्याच दोन मजकुरांच्या निकालांतला फरक असा आला:

```
02 00 00 00 00 00 00 03
00 00 01 00 00 01 00 00
```

दहा राउंड होऊन 128 पैकी पाच बिट बदलले! मुलगा म्हणाला, कोड बिघडलाय. कोड नीट होता. `ShiftRows` आणि `MixColumns` ही जोडी लागोपाठ आठ वेळा लावली की सगळे बाइट मूळ जागी, मूळ रूपात परत येतात. तिचं गणितच तसं आहे. आठव्या राउंडला सगळा पसारा आवरला गेला, नवव्याने नव्याने सुरुवात केली, आणि शेवटच्या राउंडमध्ये `MixColumns` नसतंच.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मी किल्ली बदलली. दोन्ही निकाल पार वेगळे आले, पण त्यांच्यातला फरक हाच. किल्लीचा त्याच्याशी काही संबंधच उरला नव्हता. एस-बॉक्स नसेल तर अख्खं एईएस म्हणजे एक्सऑरची समीकरणं. मूळ मजकूर आणि त्याचा निकाल अशी एकच जोडी हाती लागली, तर त्याच किल्लीखालचा बाकीचा प्रत्येक ब्लॉक किल्ली न शोधताही उलगडतो. राउंड दहा असोत की हजार.

"पण एस-बॉक्स ठेवून दोनच राउंड केले तर?" तो मागे हटेना, आणि मला ते आवडलं. एस-बॉक्स परत जागेवर घातला आणि त्याला दुसरा प्रयोग दिला. पहिल्या बाइटला `00` पासून `ff` पर्यंतच्या सगळ्या 256 किमती द्यायच्या, बाकीचे पंधरा जसेच्या तसे ठेवायचे. प्रत्येक राउंडनंतर या 256 निकालांचा घरोघर एक्सऑर काढायचा.

दोन राउंडनंतर बेरीज शून्य. तिसऱ्यानंतरही सोळाच्या सोळा घरांत `00`. कारण असं, की दुसऱ्या राउंडच्या शेवटी प्रत्येक घरात 256 पैकी प्रत्येक किंमत नेमकी एकदा येते. तिसऱ्या राउंडचा एस-बॉक्स त्यांची फक्त अदलाबदल करतो आणि `MixColumns` शून्य बेरजेला धक्का लावत नाही. वरून बघितलं तर सगळं विस्कटलेलं, आतून मात्र शिस्त तशीच. चौथ्या राउंडचा एस-बॉक्स ती मोडतो. तिथे पहिल्यांदा आम्हाला अर्थहीन आकडे दिसले.

हल्ला करणाऱ्याला एवढी फट पुरते. चारच राउंडचं एईएस असेल तर शेवटच्या किल्लीचा एक बाइट कल्पून एक राउंड मागे यायचं आणि बेरीज शून्य होते का ते पाहायचं. बाइटमागे 256 अंदाज. चुकीचा अंदाजही मधूनच शून्य देतो, म्हणून 256 मजकुरांचा आणखी एखादा संच लागतो. मुलाने हे लिहून चालवलं. शेवटच्या राउंडची किल्ली बाइटमागून बाइट निघत गेली, आणि किल्ल्या तयार करायची पद्धत उलटी फिरवल्यावर पडद्यावर `2b 7e 15 16` पासून सुरू होणारी आमची मूळ किल्ली उभी राहिली. लॅपटॉपला दम लागायच्या आत.

ही युक्ती नवी नाही. एईएसचे कर्ते, बेल्जियमचे योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमन, यांच्याच आधीच्या स्क्वेअर या सायफरवर ती पहिल्यांदा लावली गेली. आपल्या नव्या सायफरच्या प्रस्तावात त्यांनी स्वतःच ती सहा राउंडपर्यंत ताणून दाखवली आणि त्यावर चार राउंड जास्तीचे ठेवले. त्या मुलाला उरलेल्या राउंडचा हिशेब तिथे मिळाला. दुसऱ्या दिवशी त्याने वेग वाढवायला `MixColumns` चा लूप उलगडून लिहिला. राउंडची संख्या दहाच राहिली.