बिस्किटाची तारीख उलटली होती, पण दोष पनीरचा होता

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मे महिना, कारंज्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. रात्री एकच्या सुमारास एक घरच्या घर दवाखान्यात आलं. चार जण आजारी होते: नवरा, बायको, नवऱ्याचा धाकटा भाऊ आणि अकरा वर्षांचा मुलगा. चौघांनाही जोरात उलट्या आणि पोटात कळा. मुलाचा घसा कोरडा पडला होता, डोळे खोल गेले होते. मागे आजी उभी होती, पाच वर्षांची नात तिच्या कडेवर. त्या दोघींना काहीच झालं नव्हतं, पण सगळ्यात जास्त आजीच रडत होती.

"बिस्किटाची तारीख निघून गेली होती जी डॉक्टरसाहेब. म्या पाह्यलंच नाही. पोराले म्याच देल्लं," ती म्हणाली. मुलानं, म्हणजे आजारी नवऱ्यानं, रिकामा पुडाही सोबत आणला होता. त्यावरची तारीख खरंच तीन आठवड्यांपूर्वी संपली होती. घरातल्यांच्या मते निकाल लागला होता आणि आरोपी होती आजी.

मुलाला सलाईन सुरू केलं, बाकीच्यांना मळमळ थांबवण्याचं औषध आणि घोट घोट ओआरएस दिलं. मग मी कागद घेतला आणि विचारलं: कालपासून कोणी काय खाल्लं?

कागदावर काय निघालं?

संध्याकाळी पाच वाजता चहासोबत बिस्किटं खाल्ली तिघांनी: आजी, नातू आणि नात. नातीनं तर सगळ्यात जास्त खाल्ली. रात्री नऊ वाजता पनीरची भाजी खाल्ली चौघांनी: नवरा, बायको, धाकटा भाऊ आणि नातू. नात वरणभात खाऊन आधीच झोपली होती. आजीला पनीर आवडतच नाही.

आता तुम्हीच बघा. आजारी पडलेल्या चौघांपैकी तिघांनी बिस्किटाला हातही लावला नव्हता. बिस्किटं खाल्लेल्या तिघांपैकी दोघी ठणठणीत होत्या. पनीर मात्र चारही आजारी माणसांनी खाल्लं होतं आणि ज्यांनी खाल्लं नाही त्यांना काही झालं नव्हतं. बिस्किटं निर्दोष होती.

"पण डॉक्टर, पनीरची तारीख तर अजून चार दिवस होती," बायको म्हणाली. तेही खरं होतं. म्हणजे ज्याची तारीख संपली होती त्यानं काही केलं नाही, आणि ज्याची शिल्लक होती त्यानं चौघांना झोपवलं. हे कसं, ते कळलं की तारखेचा सगळा गोंधळ सुटतो.

'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' एकच का?

नाही. 'बेस्ट बिफोर' ही चवीची, कुरकुरीतपणाची, वासाची तारीख आहे. सांगितल्याप्रमाणे ठेवलं तर या दिवसापर्यंत माल उत्तम राहील, असं कंपनी म्हणते. त्यानंतर दर्जा थोडा उतरेल, पण पदार्थ खाण्यालायक असू शकतो. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' म्हणजे त्यानंतर दर्जा आणि सुरक्षितता या दोन्हींची अपेक्षा धरू नका. अशा तारखेनंतर तो माल दुकानदारानं विकायचाही नाही.

आपल्याकडे यात एक मेख आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, 2020 च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' तारीख देणं सक्तीचं आहे. 'बेस्ट बिफोर' लिहिणं ऐच्छिक आहे. त्यामुळे आता बिस्किटाच्या पुड्यावरही 'यूज बाय' दिसू शकतं आणि पनीरवरही. शब्द एकच, धोका मात्र सारखा नाही. म्हणून नुसता शब्द वाचून भागत नाही. पाकिटात कोणता पदार्थ आहे, हेही बघावं लागतं.

काही पाकिटांवर थेट तारीख नसते, 'पॅकिंगपासून सहा महिने' असं असतं. तिथे पॅकिंगची तारीख शोधून महिने आपणच मोजायचे.

कोरडं आणि ओलं

सोपा नियम असा. जंतूंना वाढायला पाणी लागतं. बिस्किट, टोस्ट, तांदूळ, डाळ, साखर, मीठ, मसाले यांत जंतूंना वापरता येईल एवढं पाणीच नसतं. वर्ध्याचा गोरसपाक घ्या. तारखेनंतर त्यातलं तूप हळूहळू खवट होईल, खुसखुशीतपणा जाईल. खवट खाऊ नये, पण त्यानं रात्री एक वाजता दवाखाना गाठावा लागत नाही. मसाल्याचा वास उतरतो, डाळीला किडे लागतात. हे डोळ्यांना, नाकाला कळतं.

पनीर, दूध, खवा, खव्याची मिठाई, क्रीमचा केक, मांस, मासे हे ओले पदार्थ. त्यात पाणीही आहे आणि प्रथिनंही. जंतूंसाठी जेवणाचं ताट वाढलेलंच आहे. इथे 'यूज बाय' उलटली की चव घेऊन बघायचीही नाही. सुट्या मिठाईसाठीही 1 ऑक्टोबर 2020 पासून दुकानदारानं ट्रेवर 'बेस्ट बिफोर' तारीख लावायची आहे. पेढे घेताना ती बघा, नसेल तर विचारा.

मग तारीख असताना पनीर का बाधलं?

कारण पाकिटावरची तारीख दोन अटींवर असते. पाकीट बंद असेल, आणि लिहिलेल्या थंडाव्यात ठेवलं असेल. पनीरसारख्या मालावर साधारण चार-पाच अंश किंवा त्याहून कमी तापमान लिहिलेलं असतं. यातली एक अट मोडली की ती तारीख तुमच्यासाठी संपली.

या घरात दोन्ही मोडल्या होत्या. पाकीट मंगळवारी फोडलं. अर्धं वापरलं, अर्धं हातानं डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवलं. बायकोच्या बोटाला विळीनं कापलं होतं, त्यावर पट्टी होती. बुधवारी दुपारी लाईन गेली ती संध्याकाळी उशिरा आली, जवळजवळ सात तास. मधे थंड पाण्यासाठी फ्रीज चार-पाचदा उघडला गेला. रात्री भाजी झाली, नऊला जेवणं झाली आणि बाराच्या आधी पहिली उलटी.

जेवल्यावर तीनच तासांत, ताप नसताना, जोरात उलट्या. हा नमुना मला ओळखीचा आहे. तपासणीला पाठवायला पनीर उरलं नव्हतं, त्यामुळे हा माझा अंदाजच. पण असं बहुतेक स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूमुळे होतं. हा जंतू निरोगी माणसाच्याही नाकात आणि कातडीवर असतो, चिरलेल्या, पिकलेल्या बोटावर जास्त. हातातून तो अन्नात जातो, उबेत वाढतो आणि एक विष सोडतो. भाजी उकळली तर जंतू मरतो, पण विष तसंच राहतं. म्हणून "मस्त उकळून घेतलं होतं" हे इथे कामाचं नाही. जंतू पोटात वाढायची वाट बघायची नसते, विष तयारच असतं. म्हणून त्रास एक ते सहा तासांत सुरू होतो आणि बहुतेकांचा दिवसभरात थांबतो.

आणि वास? पनीरला काहीच वास येत नव्हता, असं बायको सांगत होती. मी तिच्यावर विश्वास ठेवतो. अन्न नासवून वास आणणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. वास आला तर फेकाच. पण वास नाही म्हणजे चांगलं आहे, असं समजू नका.

लाईन गेल्यावर काय करायचं?

दार न उघडता फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. त्यामुळे लाईन गेली की फ्रीज उघडू नका, पिण्याचं पाणी माठातलं घ्या. चार तासांच्या पुढे गेलं तर पनीर, खवा, मांस, उरलेल्या भाज्या टाकून द्या. बाहेर ठेवलेलं शिजलेलं अन्न एरवी दोन तासांत आणि आपल्या मे महिन्यात एका तासात संपवा किंवा फ्रीजमध्ये टाका. लोणचं, साखर, लोणी यांना लाईन गेल्यानं फारसं बिघडत नाही.

पाकीट फोडल्याचा दिवस झाकणावर पेनानं लिहा. खोक्यातलं दूध बंद असताना महिनोन्‌महिने बाहेर टिकतं. तेच फोडल्यावर फ्रीजमध्येच ठेवायचं आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्या दिवसांत संपवायचं.

तारीख काहीही असो, हे नकोच

फुगलेला डबा किंवा फुगलेलं पाकीट. आत जंतूंनी वायू केला आहे. डबाबंद पदार्थात एक जंतू असा वाढतो की त्याच्या विषानं श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. चाखूही नका.

बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका. निवडून, भाजून चालवू नका. बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही आणि ते यकृताला घातक आहे.

बाळाच्या दुधाची पावडर तारखेनंतर कधीच नाही. फोडल्यावर किती दिवसांत संपवायची, तेही डब्यावर बघा.

आणि घरात गरोदर बाई असेल तर थंड पदार्थांच्या 'यूज बाय' बाबत एक दिवसाचीही सूट घेऊ नका. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि त्यानं पोटातल्या बाळाला धोका होतो. न तापवलेलं दूधही टाळा.

दवाखान्यात कधी यायचं?

उलट्या-जुलाबात ओआरएस घोट घोट सुरू ठेवा. पाणी पोटात टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, शौचात रक्त असेल, जास्त ताप असेल, मूल सुस्त पडलं असेल, डोळ्यांना दोन दोन दिसत असेल किंवा गिळायला जड जात असेल, तर थांबू नका. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायांना लवकर आणा. येताना पाकीट आणा आणि कोणी काय खाल्लं ते लिहून आणा. त्या रात्री मला कुठल्याही तपासणीपेक्षा तो कागदच जास्त उपयोगी पडला.

सकाळपर्यंत नातू उठून बसला आणि त्यानं पहिलं काय मागितलं असेल? बिस्किट. सगळ्यांनी आजीकडे पाहिलं. मी कागद तिच्या मुलाला दाखवला आणि म्हटलं, "आईनं दिलेल्या बिस्किटांनी काही झालं नाही." मग सुनेचा चेहरा उतरला. तिलाही सांगितलं: बोट कापलं असताना चौघांसाठी रांधलंस, त्यात लाईन गेली. यात गुन्हा कोणाचाच नाही. पुढच्या वेळी पट्टीवर हातमोजा घाल आणि लाईन जाऊन चार तास झाले की पनीर टाकून दे. पन्नास रुपयांचं जाईल, सलाईन वाचेल.