बादलीखालची डबी

भीमाशंकर साखर कारखान्यामुळे पारगावचं नाव उसाशी जोडलं गेलं आहे. पण इथल्या पुष्कळ घरांचा दिवस फडात नाही, गोठ्यात उजाडतो. अशाच एका घरातल्या ताई थायरॉइडची गोळी सारखी चुकते म्हणून माझ्याकडे आल्या. रोजची कामं उलगडून पाहायची आणि ती माणसाला झेपतील अशी बसवून द्यायची, हे व्यवसायोपचारात आमचं काम.

गोळीचा नियम साधा होता. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, आणि पुढे अर्धा ते एक तास चहा नाही. त्यासाठी मुलाने फोनवर पाचचा गजर लावून दिला होता. गजर बंद करायला ताई फोन हातात घ्यायच्या आणि पडद्यावर रात्रीतून आलेले निरोप दिसायचे. भाचीच्या बाळाचा फोटो, भजनी मंडळाचा गट. दहा-पंधरा मिनिटं तिथेच जायची, मग डेअरीची वेळ गाठायला धावपळ. गोळी आठवायची ती चहाचा कप तोंडाला लावल्यावर.

यात ताईंचा विसराळूपणा नव्हता. ठरावीक वेळी काही करायचं लक्षात ठेवणं आणि ठरावीक गोष्ट समोर आली की करायचं, या स्मरणाच्या दोन वेगळ्या जाती आहेत. आइन्स्टाइन आणि मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी 1990मध्ये हा फरक मांडला. दुसरी जात सोपी, कारण आठवण करून देण्याचं काम वस्तूच करते. आपल्याकडे पदराला गाठ मारायचे, ती याच जातीची. ‘खूणगाठ’ हा शब्द त्यातूनच ओळखीचा. मात्र गाठ दिवसभर पदराला लटकत राहते. काम जिथे करायचं, तिथे ती भेटेलच असं नाही.

म्हणून खूण कामाच्या वाटेत हवी. रॉजर्स आणि मिल्कमन यांनी 2016मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉफीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना पुढच्या गुरुवारी वापरायची सवलतीची चिठ्ठी दिली, आणि काहींना सांगितलं की त्या दिवशी गल्ल्याजवळ एक परग्रहवासी बाहुला ठेवलेला असेल. ज्यांना बाहुल्याची खूण सांगितली होती त्यांच्यातल्या 24 टक्के लोकांनी चिठ्ठी वापरली, इतरांपैकी 17 टक्क्यांनी. फरक प्रचंड नाही, पण एका बाहुल्याच्या मानाने मोठाच.

ताईंनी आधी चिकटचिठ्ठी लावून पाहिली होती. ओट्यामागच्या भिंतीला वाफेने आणि तेलकटपणाने ती टिकेना. तिचा गोंद मुळात हलकाच धरतो, कागदावरून सहज निघावा म्हणून. फ्रिजवर लावली तेव्हा टिकली, पण आठवड्याभरात ती तिथे आहे हेच ताईंना दिसेनासं झालं. रोज तीच जागा, तोच रंग, डोळे सरावतात.

मग मी चहाचं पातेलं सुचवलं. रात्री ते पालथं घालायचं आणि त्याखाली गोळी ठेवायची, म्हणजे पातेलं उचलल्याशिवाय चहा नाही. ही माझी चूक ठरली. एक तर पहिला चहा सासूबाई ठेवायच्या. त्या गोळी बाजूला सारून मोकळ्या व्हायच्या. दुसरं, ताईंच्या हाती पातेलं आलंच तर गोळी आणि चहा यांत पाच मिनिटांचंही अंतर उरायचं नाही. खूण योग्य माणसाला, योग्य क्षणी भेटली पाहिजे, आणि इथे दोन्ही हुकलं होतं.

तेव्हा ताईंनीच विचारलं, “सकाळी पहिल्यांदा माझ्याच हाताला काय लागतं?” धारेची बादली. दुसरं कोणी तिला हात लावत नाही. संध्याकाळची धार झाली की बादली घासून स्वयंपाकघराच्या दाराशी पालथी पडते. त्याच वेळी तिच्याखाली स्टीलची डबी ठेवायची. डबीत पाकिटाच्या पट्टीतून वेष्टनासकट कापलेली एकच गोळी, शेजारी पाण्याचा तांब्या. पहाटे बादली उचलली की डबी उघडी पडते. गोळी घेऊन ताई गोठ्यात जातात आणि दोन गाई, एक म्हैस पिळून होईस्तोवर चहापूर्वीचा वेळ आपोआप भरतो. घेतली की नाही, ही शंका आली तर रिकामी डबी सांगते. गजर राहिला, पण फक्त उठवण्यापुरता; फोन आता माजघरात चार्जिंगला असतो आणि डेअरीवरून आल्यावरच हातात येतो.

हे सगळं बादलीवर टांगलेलं आहे. ताई माहेरी गेल्या की बादली नसते आणि पहिल्या दोन सकाळी गोळी चुकायची. तिथे आता डबी केसांच्या फणीला रबराने बांधलेली असते. नरक चतुर्दशीला तर घरातच सगळा क्रम उलटतो, कारण धारेच्याही आधी अभ्यंगस्नान. आदल्या रात्री तेल, उटणं, साबण ताटात मांडून ठेवायची रीत आहेच. यंदा त्या ताटात डबीही ठेवायची, असं ताईंनी ठरवलं आहे.