नोटीस पीरियडची वसुली आणि माझं उत्तर

इंदूरची कंपनी सोडून पुण्यात रुजू झालो, त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. जुन्या कंपनीचा ईमेल आला: नोटीस पूर्ण केली नाही, ₹१,३२,१६० भरा, नाहीतर रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही.

पोटात गोळा आला. एवढे पैसे हाताशी नव्हते आणि नव्या कंपनीला ते पत्र महिन्याभरात हवं होतं. मित्र म्हणाला, "उत्तरच देऊ नकोस." बाबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "कागदावर काय लिहिलंय?"

नियुक्तीपत्र काढलं. नोटीस ९० दिवसांची होती. मी ५० दिवस काम केलं होतं, म्हणजे ४० दिवस कमी पडले. खाली माझीच सही. तेव्हा देणं होतं, यात वाद नव्हता. पण कलमात लिहिलं होतं की कमी पडलेल्या दिवसांचा 'मूळ पगार' द्यावा. माझा एकूण पगार ८४,००० आणि मूळ पगार ४२,०००. कंपनीने हिशोब एकूण पगारावर केला होता: रोजचे २,८०० प्रमाणे १,१२,०००. वर १८ टक्के जीएसटी, २०,१६०.

जीएसटीचं मला आधीपासून खटकत होतं. शोधल्यावर ३ ऑगस्ट २०२२ चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं १७८ क्रमांकाचं परिपत्रक सापडलं. नोटीस न पाळल्याबद्दल घेतलेली रक्कम ही कुठल्या सेवेची किंमत नाही, म्हणून तिच्यावर जीएसटी लागत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. शिवाय माझ्या शिल्लक १५ रजांचे पैसे हिशोबात धरलेच नव्हते.

रागाने लिहिलेला पहिला मसुदा खोडला. दुसऱ्या दिवशी पाठवलेलं उत्तर असं होतं:

"४० दिवस कमी पडले, हे मला मान्य आहे. नियुक्तीपत्रानुसार मूळ पगाराने, रोजचे १,४०० प्रमाणे ५६,००० होतात. त्यातून १५ रजांचे २१,००० वजा जाता ३५,००० मी देणं लागतो. जीएसटी वरील परिपत्रकानुसार लागू नाही. कृपया सुधारित अंतिम हिशोब पाठवावा. तो मिळाल्यापासून तीन दिवसांत रक्कम भरीन. रिलीव्हिंग लेटर आणि पैसे मिळाल्याची पावती द्यावी."

सोबत नियुक्तीपत्राचं ते पान, शेवटची पगारपावती आणि परिपत्रक जोडलं. एचआरचा फोन आला, "बोलून मिटवू." मी नम्रपणे म्हणालो, "जे ठरेल ते कृपया ईमेलवरच कळवा."

नवव्या दिवशी सुधारित हिशोब आला: ३५,०००. पैसे भरले, पत्र आणि पावती मिळाली. ती पावती दाखवल्यावर नव्या कंपनीने ऑफर लेटरमध्ये कबूल केल्याप्रमाणे ती रक्कम परत दिली. पावती नसती तर तेही गेलं असतं.

माझ्या पत्रात 'मूळ पगार' होता म्हणून निभावलं. 'एकूण पगार' लिहिलेला असता तर एवढं कमी झालं नसतं. आता नव्या नियुक्तीपत्रावर सही करण्याआधी मी पगाराच्या आकड्याबरोबर तो शब्दही शोधतो.