बखर, वखर आणि बियासी

"तुम्हाला हिंदी काय अवघड? तुमची तर घरचीच भाषा." हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की त्यावर आता हसून गप्प बसतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं काम माझ्याकडे आलं तेसुद्धा याच वाक्यासोबत. धानशेती आणि लहान अवजारांवरची चाळीस पानांची हिंदी पुस्तिका मराठीत करायची होती. वाचणार होते हेमलकसा-भामरागड भागातले शेतकरी, आणि त्यांना ती वाचून दाखवणारी आश्रमशाळेत शिकलेली त्यांची मुलं. मी लगेच हो म्हटलं.

पहिल्याच पानावर अडलो. 'बिचड़ा' हा शब्द मी 'बीज'सारखा वाचला आणि 'बियाणे' लिहून मोकळा झालो. चार ओळींनंतर 'इक्कीस दिन का बिचड़ा' आला आणि माझ्या वहीत '21 दिवसांचे बियाणे' असं उमटलं. बियाण्याचं वय दिवसांत कोण मोजतं? तेव्हा कळलं की बिचड़ा म्हणजे रोप, आमच्या धानपट्ट्यातले 'पऱ्हे'. पुढे सातव्या पानावर 'थरहा' आला, बाराव्यावर 'बेहन'. ही तीन वेगळी कामं असावीत असं मी समजत होतो. प्रत्यक्षात तिन्ही शब्द धानाच्या रोपवाटिकेचे आणि रोपांचेच आहेत. बिचड़ा बिहारकडचा, बेहन पूर्व उत्तर प्रदेशातला, थरहा छत्तीसगढचा. पश्चिम उत्तर प्रदेशात 'पौध' म्हणतात. पुस्तिका तीन हातांनी लिहिली होती आणि प्रत्येकाने आपल्या गावाचा शब्द ठेवला होता.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की माझ्या हिंदीत शेतच नाही. आमची सहा एकर जमीन वरोऱ्याजवळ. घरात आम्ही जी बोलतो तिला कुणी उर्दू म्हणतं, कुणी हिंदी, कुणी दखनी. पण अब्बा शेताचं बोलायला लागले की म्हणायचे, "कल वखर चलाना है," किंवा "डवरे का फास घिस गया." क्रियापद हिंदीचं आणि अवजार मराठी. त्यांनी कधी 'बखर' म्हटलं नाही. मध्य प्रदेशात, बुंदेलखंडात आणि माळव्यात याच अवजाराला 'बखर' म्हणतात. मराठीत बखर म्हटली की भाऊसाहेबांची आठवते. एका अक्षराच्या फरकाने शेतकऱ्याच्या हाती इतिहास द्यायची पाळी आली असती.

हे शब्द इतके का बदलतात? मला पटलेलं कारण साधं आहे. जुनी अवजारं कारखान्यात बनत नव्हती. गावचा सुतार आणि लोहार ती आपल्या मातीच्या, आपल्या लाकडाच्या आणि आपल्या बैलांच्या मापाने बनवायचे. त्या सुताराचं काम जिथवर जाई तिथवरच त्याचा शब्द जाई. शिवाय नाव बदलतं तिथे बऱ्याचदा वस्तूही थोडी बदललेली असते. ग्रियर्सन नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने 1885 मध्ये 'बिहार पेझंट लाइफ' हे पुस्तक काढलं. त्यात नांगराच्या एकेका भागाचं नाव गंगेच्या उत्तरेला काय आणि दक्षिणेला काय, हे त्याने नोंदवून ठेवलंय. बिहार हा एकच प्रांत, आणि त्यातही नदी ओलांडली की शब्द बदलतो. मग जिला आपण एक हिंदी म्हणतो ती राजस्थानपासून झारखंडपर्यंत नांगर-पाळीच्या बाबतीत एक कशी असेल?

मराठीचंही तसंच. विदर्भातला वखर सातारा-सांगलीकडे कुळव होतो, आमचा डवरा तिकडे कोळपं होतो. कोकणात भाताची लावणी होते, आमच्याकडे धानाची रोवणी. गडचिरोलीत 'भात लावा' म्हटलं तर लोक चुलीकडे बघतील, कारण भात तिथे ताटात असतो आणि बांधीत धान असतं. म्हणजे पुण्यात छापलेली प्रमाण मराठी वापरून माझी सुटका होणार नव्हती.

पुस्तिकेतल्या एका वाक्यात होतं, चिखलणीनंतर 'हेंगा' चालवा. हेंगा म्हणजे बैलांनी ओढायची जड फळी. तिच्यावर माणूस उभा राहतो आणि ढेकळं फुटून जमीन सपाट होते. पूर्वेकडे हेंगा, दुसरीकडे पटेला किंवा पाटा, हरियाणा-पंजाबच्या बाजूला सुहागा. छत्तीसगढच्या धानशेतात या कामाला कोपर असतो. मला 'पाटा' सोपा वाटला. पण मराठी घरात पाटा वरवंट्याबरोबर असतो. शेवटी लिहिलं, 'चिखलावर बैलांनी फळी फिरवून बांधी सारखी करा.' शब्दकोश बघणाऱ्याला हे भाषांतर गरीब वाटेल. पण ज्याच्या दारात फळी आहे त्याला काय करायचं ते कळतं.

खरा पेच 'बियासी'चा होता. छत्तीसगढमध्ये धान लावायची ही जुनी रीत आहे. पाऊस सुरू झाला की बी शेतात फोकून देतात, आपल्याकडे ज्याला आवत्या म्हणतात तसं. मग सुमारे 25-30 दिवसांनी बांधीत चार बोटं-वीतभर पाणी साठलं की उभ्या पिकातून हलका नांगर फिरवतात. ही बियासी. ऐकणाऱ्याला वाटतं की पीक मोडलं. पण त्याने तण चिखलात गाडलं जातं, दाट रोपं विरळ होतात, मुळाशी माती मोकळी होते आणि उरलेल्या रोपांना फुटवे फुटतात. नांगरामागोमाग 'चलाई' करायची असते. दाट जागची रोपं उपटून रिकाम्या जागी लावायची आणि आडवी पडलेली उभी करून चिखलात दाबायची.

माझ्या पहिल्या खर्ड्यात बियासी 'निंदणी' झाली होती आणि चलाई झाली होती 'नांगर चालवणे'. दोन्ही चूक. निंदणी वाचून शेतकरी खुरपं घेऊन बसला असता आणि नांगराचं वाक्य त्याला कळलं नसतं. 'चालवणे' वाचून त्याने नांगर दुसऱ्यांदा फिरवला असता आणि रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या असत्या. बियासीत सगळा खेळ वेळेचा आणि पाण्याचा आहे. पाणी न साठता नांगर घातला तर तण गाडलं जात नाही आणि रोपंच उपटून वर येतात. पावसाची वाट बघत फार उशीर केला तर उंच झालेली रोपं नांगराखाली मोडतात. कागदावर एक शब्द चुकला तर एका घराचं वर्षाचं धान जातं. तिथे बहुतेक शेती पावसावरची आहे, दुसरी संधी नाही.

खर्डा घेऊन मी स्वतः गेलो. आलापल्लीच्या पुढे जंगलातून भामरागडकडे जाणारा रस्ता आहे, त्यावर भामरागडच्या थोडं अलीकडे हेमलकसा. 1973 मध्ये आमटे कुटुंबाने इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि 1976 मध्ये शाळा. तिथली मुलं घरी माडिया बोलतात, म्हणजे गोंडीच्या कुळातली, द्राविडी भाषा. मराठी त्यांना शाळेत भेटते. माझी हिंदी-मराठीची झटापट त्यांच्या दृष्टीने परक्यांच्या दोन भाषांमधली होती. आजूबाजूच्या डोंगरांत 'पेंडा' म्हणजे जंगल तोडून-जाळून त्या राखेत बी टाकायची शेती पिढ्यानपिढ्या झाली, आणि तिला नांगर लागतच नाही. त्यामुळे नांगराच्या दहा भागांची नावं इथे प्रत्येकाला येणारच, असं मी धरून चाललो होतो तेही चूक होतं.

एका गावात पारावर पाच-सहा जण जमले. शाळेत शिकलेल्या एका मुलाने परिच्छेद वाचला आणि माडियात सांगितला. मी फक्त एकच विचारायचो, "दादा, आता तुम्ही काय कराल ते सांगा." कळलं का, असं विचारलं तर पाहुण्याला सगळे हो म्हणतात. काय कराल म्हटलं की चूक उघडी पडते. मी 'निंदणी' खोडून 'उभ्या पिकातली नांगरणी' केलं होतं. ते ऐकून एक म्हातारे दादा मान हलवत म्हणाले, "असं कोण करते? धान मरेल." मी हातवारे करून पाणी, नांगर, दाबलेली रोपं असं सगळं समजावलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हां, बियासी! असं सांग ना. बहिणीकडे करतात, नदीच्या पलीकडे."

नदी म्हणजे इंद्रावती. पलीकडे छत्तीसगढ. मी ज्या शब्दाला मराठी शोधत होतो तो शब्द सोयरिकीबरोबर कधीच नदी उतरून अलीकडे आला होता. मी 'बियासी' तसाच ठेवला. पहिल्यांदा येतो तिथे दोन ओळींत काय करायचं ते लिहिलं आणि पुढे सगळीकडे नुसता शब्द. 'चलाई'साठी मात्र तिथे कुणाकडे शब्द निघाला नाही. मराठीत 'नांग्या भरणे' असतं, पण त्याने अर्धंच काम सांगितलं जातं. म्हणून वाक्यच लिहिलं, 'दाट जागची रोपं काढून रिकाम्या जागी लावा, पडलेली उभी करून दाबा.'

नव्या यंत्रांचा नियम उलटा निघाला. 'कोनो वीडर' म्हणजे ओळीत लावलेल्या धानात हाताने ढकलायचं, दोन दातेरी शंकूंचं यंत्र. मी त्याचं 'शंकू-कोळपे' केलं होतं आणि मनात खूशही होतो. पण शेतकऱ्याने दुकानात जाऊन 'शंकू-कोळपे द्या' म्हटलं तर दुकानदार काय देणार? बिलावर, योजनेच्या अर्जावर आणि यंत्राच्या पत्र्यावर कोनो वीडरच लिहिलेलं असतं. हा शब्द कंपनीच्या ट्रकमधून आलाय, त्याला सगळीकडे तेच नाव आहे. तो तसाच राहिला, सोबत एक चित्र. तेव्हापासून मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. वस्तू गावात बनते की दुकानातून येते? गावात बनत असेल तर तिथल्या लोहाराचा शब्द, दुकानातून येत असेल तर बिलावरचा. आणि दोन्ही नसतील तर शब्द सोडून काम लिहायचं.

छापलेली पुस्तिका मी अब्बांना दाखवली. धान त्यांनी कधी लावलं नाही, आमची जमीन कापसाची. तरी चष्मा लावून त्यांनी बियासीचं पान पूर्ण वाचलं आणि विचारलं, "खडी फसल में नांगर? पक्का?" म्हटलं, पक्का, पाणी असेल तरच. ते म्हणाले, "फिर वो पानीवाली बात ऊपर लिखनी थी."

बरोबर होतं. पाण्याची अट माझ्या परिच्छेदात शेवटच्या ओळीत होती, कारण हिंदीत ती तिथेच होती. दुसऱ्या आवृत्तीत ती पहिल्या ओळीत आली.