छत्तीसशे रुपयांचे एक लाख अकरा हजार

परवा आमच्या भाच्याने विचारलं, "मामा, व्याजच देत नाही तो कसला रोखा?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

उदाहरण जुनंच घेतो, कारण त्यात सगळं आहे. १९९३ साली गुजरातच्या सरदार सरोवर नर्मदा निगमने डीप डिस्काउंट बाँड काढले. आज ३,६०० रुपये द्या, वीस वर्षांनी १,११,००० घ्या. मधे छदामही नाही. हाच झीरो कूपन. हिशेब केला तर परतावा वर्षाला साधारण १८.७ टक्के पडतो. मोठी गंमत अशी की मिळालेलं व्याज पुन्हा कुठे गुंतवायचं ही कटकटच नाही. तो दर वीस वर्षांसाठी पक्का होतो, अर्थात देणारा बुडाला नाही तर.

पण भाव मात्र फार हलतो. सगळा पैसा शेवटी मिळणार, त्यामुळे बाजारातला दर एक टक्क्याने बदलला की सुरुवातीला या रोख्याचा भाव सुमारे सतरा टक्के उलट दिशेने जायचा. मुदत जवळ येते तसा हा झोका लहान होतो.

आता २००९. व्याजदर कधीच उतरले होते. रोख्याला पाच वर्षं उरली होती. नऊ टक्के दर धरला तर १,११,००० ची तेव्हाची किंमत सुमारे ७२,००० होते. मूळ अटींत पंधराव्या वर्षी ५०,००० घेऊन बाहेर पडायची मुभा होती, पण ती धारकाला. गुजरात सरकारने २००८ साली कायदा करून तोच हक्क निगमला दिला आणि जानेवारी २००९ मध्ये ५०,००० देऊन रोखे परत घ्यायचं ठरलं. म्हणजे 'पुट'चा 'कॉल' झाला!

गंमत बघा, पंधरा वर्षांचा परतावा काढला तर तो १९ टक्क्यांच्या वर जातो. कागदावर कोणी लुबाडलेलं दिसत नाही. तोटा दिसतो तो पुढे पाहिल्यावर. ते ५०,००० नऊ टक्क्यांनी ठेवले तर पाच वर्षांनी ७७,००० च्या आसपास होतात. मुलीच्या लग्नासाठी १,११,००० धरून बसलेल्याला ३४,००० कमी. टळलेली कटकट नेमकी दर पडलेले असताना दारात उभी!

कॉलची अट मुळातच छापलेली असेल तर हे आधी कळतं, आणि भावही ते ओळखतो. दर वाढले तर रोखा इतरांसारखाच पडतो. दर उतरले तर मात्र भाव कॉलच्या किमतीजवळ अडकतो, कारण त्याहून फार जास्त कोण देईल? म्हणून अशा रोख्याला थोडा जास्त परतावा मिळायला हवा. तो नसेल तर मी घेत नाही.

भाच्याला म्हटलं, कागद आला की आधी दोन गोष्टी शोध: कॉलची तारीख आणि त्या दिवशीची रक्कम. मग त्या तारखेपर्यंतचा परतावा काढ आणि शेवटपर्यंतचाही. दोन्हींतला जो कमी असेल तोच तुझा धर.