गोदीतून लिहिलेले पत्र

दूरदेशी निघालेल्या पुरुषाने पत्नीस लिहिलेले पत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अश्रूंनी पुसट झालेली शाई आणि विरहाची वाक्ये उभी राहतात. कादंबरीकारांनी आपल्याला ती सवय लावून ठेवली आहे. परंतु ज्यांच्या घरातील माणूस खरोखर वर्षाचे आठ-दहा महिने समुद्रावर असतो, त्यांच्या घरी जपून ठेवलेली पत्रे बहुधा निराळी असतात. त्यांत तारखा असतात, पत्ते असतात, पैशांचा हिशेब असतो, आणि प्रेम असलेच तर ते त्या हिशेबाच्या चोखपणात असते. माझे वडील मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होते. १९६७ च्या ऑक्टोबरात एका लांबच्या सफरीवर निघताना त्यांनी माझ्या आईला लिहिलेले चार पानांचे पत्र माझ्यापाशी आहे, आणि या प्रकारच्या पत्राचा इतका पूर्ण नमुना माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

जहाज त्या वेळी मुंबईच्या अलेक्झांड्रा गोदीत, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीत, माल भरीत होते आणि आमचे बिऱ्हाड गिरगावात होते. मध्ये अंतर ते किती! तरीही वडिलांनी या गोष्टी तोंडी न सांगता लिहून पाठविल्या. दोन खोल्यांच्या घरात आजी आजारी होती, आम्ही मुले होतो, आणि पत्राचा अर्धा भाग आजीविषयीच होता. तिच्या अंथरुणापासून चार हातांवर तो बोलता येण्यासारखा नव्हता. शिवाय, निरोपाच्या गडबडीत ऐकलेले शब्द पुढे ज्याला त्याला सोयीप्रमाणे आठवतात. लिहिलेले मात्र वादाच्या वेळी पुढे ठेवता येतात. त्याचा प्रत्यय पुढे आलाच.

पत्राचा मायना त्या काळच्या रीतीचा, ‘सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद’ असा आहे. पहिला परिच्छेद पैशांचा. जहाजावर नोकरीचा करार होताना खलाशी आपल्या पगारापैकी काही ठरावीक रक्कम घरच्या माणसास दरमहा द्यावी असे लिहून देतो. तिला दर्यावर्दी लोक ‘अ‍ॅलॉटमेंट’ म्हणतात. घरच्यांना ही रक्कम हक्काची आणि कायमची वाटते. वस्तुतः ती कमावलेल्या पगारातूनच निघते. माणूस आजारी होऊन जहाजावरून उतरला आणि त्याचा पगार थांबला की तीही थांबते. वडिलांनी हे आईला स्पष्ट लिहिले होते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची होती: पहिली रक्कम जहाज सुटल्यावर महिना भरल्यानंतर मिळणार होती आणि दिवाळी तर नोव्हेंबरच्या आरंभीच होती. तेव्हा मिळालेल्या आगाऊ पगारापैकी किती पैसे किराण्याचे, किती औषधाचे आणि किती हात न लावण्याचे, हे त्यांनी तीन ओळींत मांडून दिले होते.

दुसरा परिच्छेद टपालाचा, आणि तो समजण्यासाठी त्या वर्षाची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. जूनमधील अरब-इस्रायल युद्धाने सुएझचा कालवा बंद पडला होता. तो पुढे १९७५ च्या जूनपर्यंत उघडला नाही. मुंबईहून लंडनला कालव्यातून सुमारे सहा हजार दोनशे सागरी मैल पडतात. आफ्रिकेला वळसा घालून गेल्यास सुमारे दहा हजार सातशे. ताशी १४ मैलांच्या चालीने जहाज दिवसाला ३३६ मैल तोडते. म्हणजे जेथे १९ दिवस पुरत, तेथे आता ३२ दिवस लागणार. त्यातून वाटेत मोंबासा एवढे एकच बंदर होते. दक्षिण आफ्रिकेशी भारताने १९४६ सालीच व्यापार तोडला होता. त्यामुळे तिथल्या बंदरांत जहाज थांबणार नव्हते. जहाज १२ ऑक्टोबरला निघून सुमारे २० तारखेला मोंबाशास पोचेल, २४ तारखेस तेथून सुटेल, आणि मग थेट १९ नोव्हेंबरच्या सुमारास लंडन. मधल्या २६ दिवसांत टपाल म्हणून नाही.

या तारखांवरून वडिलांनी उलटी गणती करून दिली होती. पत्र ज्याच्या नावे पाठवावयाचे तो कंपनीचा त्या बंदरातील एजंट. पत्त्यात माणसाचे नाव, हुद्दा, जहाजाचे नाव आणि मग एजंटाचा पत्ता, या क्रमाने. विमानाच्या टपालास एक आठवडा धरावा आणि जहाज लागण्यापूर्वी तीन दिवस पत्र एजंटाच्या हाती असावे. त्यापेक्षा उशीर झाला तर पत्र हरवत नाही, परंतु जहाजाच्या मागोमाग एका बंदरातून दुसऱ्या बंदरात धावत राहते. या हिशेबाने लंडनचे शेवटचे पत्र ९ नोव्हेंबरच्या आत पेटीत पडावयास हवे होते. मोंबाशाचे पत्र तर जहाज सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी टाकले पाहिजे होते. अन्यथा महिनाभर काही पोचणार नव्हते. म्हणजे निरोप देऊन घरी परतलेल्या बाईने त्याच रात्री, अजून लिहिण्यासारखे काही घडले नसताना, पत्र लिहावयास बसावयाचे! आईने ते लिहिले. वडिलांनी तेही जपून ठेवले होते; त्यात मुख्यतः स्वयंपाकघराचा नळ गळत असल्याची हकीगत आहे.

आणखी एक नियम होता. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर अनुक्रमांक घालावयाचा, आणि उत्तर लिहिताना ‘तुझे अमुक क्रमांकापर्यंतचे पोचले’ असे प्रथम लिहावयाचे. हा नियम वरवर कारकुनी दिसतो. त्याचे मोल पुढे कळले.

तिसरा परिच्छेद तारेचा. भर समुद्रातील जहाजासही तार पाठविता येत असे. तारघरातून ती किनाऱ्यावरील रेडिओ केंद्राकडे जाई. ज्या जहाजांसाठी संदेश आले असतील त्यांची यादी ते केंद्र ठरलेल्या वेळी प्रसारित करी, आणि आपल्या जहाजाची खूण ऐकली की जहाजावरचा रेडिओ ऑफिसर तो संदेश मागून घेई. पैसे शब्दावर पडत, आणि ते पुष्कळ पडत. त्याहून मोठी अडचण अशी, की घरची वार्ता ज्याची त्याला कळण्याआधी रेडिओ ऑफिसरला कळे. म्हणून वडिलांनी तीन नद्यांची नावे ठरवून दिली होती: ‘कृष्णा’ म्हणजे पैसे मिळाले नाहीत, ‘गोदा’ म्हणजे आईची प्रकृती चिंताजनक, ‘गंगा’ म्हणजे आई गेली.

त्याखालील मजकूर मी जसाच्या तसा देतो. ‘आई गेली तर मला त्याच दिवशी कळव. मी परत येऊ शकणार नाही, हे मला ठाऊक आहे. मोंबासा सुटल्यावर मला उतरविण्यास वाटेत कोणी थांबणार नाही. वडील माणसे म्हणतील, त्याला आता कळवून काय उपयोग? त्यांना हे पत्र दाखव. तू एकदा जरी माझ्यापासून काही लपविलेस, तरी पुढे तुझ्या प्रत्येक पत्रातील ‘सर्व क्षेम’ या शब्दांवरून माझा विश्वास उडेल, आणि तेथे मला त्या शब्दांवाचून दुसरा आधार नाही.’

आजी ६ नोव्हेंबरला पहाटे गेली. क्रियाकर्म धाकट्या काकांनी करावयाचे ठरले. तारेचा विषय निघाला तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचे मत अगदी पत्रात भाकित केल्याप्रमाणेच पडले; आणि ते मत कठोरपणाचे होते असे मला आजही वाटत नाही. इंजिनखोलीत उकाड्यात पहारा करणाऱ्या माणसाच्या माथी तेरा दिवसांचे निरुपाय दुःख घालण्यात कसली माया, असा त्यांचा प्रश्न होता. आईने वाद घातला नाही. तिने ट्रंकेतून पत्र काढून आजीच्या थोरल्या भावापुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसला, आणि काकांना तारघरात पिटाळले.

जहाज त्या दिवशी अटलांटिक महासागरात, सेंट हेलेना बेटाच्या आसपास कोठे तरी होते. सेकंड इंजिनिअरचा पहारा चार ते आठचा असतो; तो संपवून वर आल्यावर वडिलांच्या हाती ‘गंगा’ हा शब्द पडला. त्यांनी डेकवर बादलीने समुद्राचे पाणी ओढून स्नान केले आणि दुसऱ्या दिवशी तारेने पोच दिली.

अनुक्रमांकाचा उपयोग लंडनला झाला. तेथे त्यांना क्रमांक २, ४ आणि ५ ही पत्रे मिळाली. चौथ्यात आईने ‘मागे लिहिल्याप्रमाणे डॉक्टरांचे नवे औषध चालू आहे’ असे लिहिले होते. दुसऱ्यात तर औषधाचे अक्षरही नव्हते. पत्रांवर आकडे नसते, तर बायकोने आजार दडवून ठेवला आणि आता सावरासावर करते आहे, असे वाटण्यास पुरेपूर जागा होती. आकडे होते म्हणून त्यांनी एवढेच लिहिले: ‘तिसरे अद्याप वाटेत आहे.’ ते दोन आठवड्यांनी हँबर्गला येऊन मिळाले. त्यात २७ ऑक्टोबरच्या तारखेखाली आजीच्या छातीतील कळेची हकीगत सविस्तर होती. पाचवे पत्र आईने ८ तारखेच्या रात्री लिहून ९ तारखेस पेटीत टाकले होते. आजीच्या शेवटच्या तासांचे वर्णन त्यामुळेच त्यांना बंदरात पाय ठेवताच वाचावयास मिळाले.

चार पानांच्या त्या पत्रात ज्याला आपण हृदयाचा मजकूर म्हणतो तो शेवटच्या दोन वाक्यांत आहे. ‘जहाजाचे घड्याळ दर थोड्या दिवसांनी मागेपुढे करावे लागते, म्हणून अमुक वाजता तुझी आठवण काढीन असे लिहीत नाही. तू आपल्या घड्याळाप्रमाणे चाल. मी माझे जुळवून घेईन.’

पुढील प्रत्येक सफरीपूर्वी असे पत्र येत राहिले. ती उत्तरोत्तर लहान होत गेली. ‘पैसे, तार व क्रमांक मागील पत्राप्रमाणे’ एवढे लिहून खाली बंदरे आणि टपालाच्या शेवटच्या तारखा यांचा तक्ता असे. १९७५ च्या अखेरीच्या पत्रात मोंबासा नाही. त्या जागी एडन आणि पोर्ट सैद ही दोन नावे आहेत, आणि त्यांच्यासमोर वडिलांनी लिहिले आहे, ‘या खेपेस इतके दिवस गप्प बसावे लागणार नाही. नळाचे सविस्तर लिही.’